दुखणाऱ्या जखमेपेक्षा न दुखणारी वाईट

तालुक्याच्या बाजारपेठेत औषधांचं दुकान चालवणारे एक काका आणि तिथल्याच सरकारी रुग्णालयात दंतवैद्य असलेली एक तरुण डॉक्टर, या दोघांचा एका प्रश्नावर जुना वाद आहे. तोंड येणं हा काही आजार नव्हे, लोकांना उगीच घाबरवू नये, असं काकांचं मत. तोंडातली जखम दाखवायला कोणी वेळेवर येतच नाही, ही डॉक्टरांची तक्रार. दुपारच्या निवांत वेळी दुकानात झालेलं त्यांचं हे बोलणं.

काका : डॉक्टर, रोज कोणी ना कोणी येतंच. “काका, तोंड आलंय, कायतरी द्या.” मी बी-कॉम्प्लेक्सची एक पट्टी देतो, एक जेलची ट्यूब देतो. आठवड्यानं तोच माणूस भेळ खाताना दिसतो. या सगळ्यांना तुमच्याकडे धाडलं तर मजुराची रोजी बुडेल आणि तुमच्या केसपेपरची रांग रस्त्यावर येईल.

डॉक्टर : यातल्या बहुतेकांना धाडूच नका, काका. ती जखम आपली आपण भरते, हे मला मान्य आहे. मला एवढंच सांगा, ट्यूब देण्याआधी तुम्ही गिऱ्हाइकाला काय विचारता?

काका : काय विचारणार? फार दुखतंय का, एवढंच. फार दुखत असेल तर जरा चांगली ट्यूब. दुखत नसेल तर म्हणतो, राहू द्या, जाईल आपोआप.

डॉक्टर : माझा वाद आहे तो एवढ्यावरच. जी जखम जीव नकोसा करते, घास गिळू देत नाही, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. आणि जी महिनाभर एका जागी असते पण फारशी दुखत नाही, तिला तुम्ही “राहू द्या” म्हणता. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही. दुखणं हे माप इथं उलटं पडतं.

काका : मग माप कोणतं लावायचं? आमच्या गल्लीतली कॉलेजची मुलगी घ्या. परीक्षा आली की तिचं तोंड आलंच. दर दोन महिन्यांनी येते. तिला घाबरवू का?

डॉक्टर : मुळीच नाही. तिच्या जखमा कुठे येतात, ते आठवा.

काका : ओठाच्या आतल्या बाजूला. कधी गालात, कधी जिभेखाली.

डॉक्टर : म्हणजे तोंडातल्या मऊ, हलणाऱ्या भागावर. दरवेळी जागा वेगळी. गोल किंवा लंबगोल, ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान, मध्ये पिवळट-पांढरा तळ आणि भोवती लालभडक कड. येण्याच्या आदल्या दिवशी तिथं चुरचुरतं. पहिले तीन-चार दिवस खूप दुखतं, मग हळूहळू कमी होतं आणि आठ ते चौदा दिवसांत जखम भरते, मागे वणही राहत नाही. असं दहाबारा वर्षांच्या वयापासून किंवा ऐन तारुण्यात सुरू होतं, आईला किंवा वडिलांनाही असतं आणि वय वाढेल तसं कमी होत जातं. हे सगळं जुळलं की ते नेहमीचं तोंड येणं. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, त्यातून कर्करोगही होत नाही.

काका : लोक म्हणतात उष्णता वाढली, पोट साफ नाही.

डॉक्टर : जखम पोटातल्या उष्णतेनं होत नाही. ज्याची तशी प्रवृत्ती आहे त्याला छोटं निमित्त पुरतं. गाल दाताखाली येतो, भाकरीचा कडक पापुद्रा टोचतो, ब्रश लागतो, जागरणं होतात. काही बायकांना पाळीच्या आधी येतं. टूथपेस्टला फेस यावा म्हणून घातलेलं सोडियम लॉरिल सल्फेटही काहींना बाधतं. त्या मुलीला त्याशिवायची पेस्ट दोन-तीन महिने वापरून बघायला सांगा. आणि सतत येतंच असेल तर तिची रक्ततपासणी करा : हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-12 आणि फॉलिक अॅसिड. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी सापडतं, कडक शाकाहारी लोकांमध्ये बी-12.

काका : म्हणून तर मी बी-कॉम्प्लेक्स देतो!

डॉक्टर : पाच दिवसांच्या पट्टीनं काय होतं? जखम भरायची वेळ आणि पट्टी संपायची वेळ एक येते, म्हणून श्रेय गोळीला मिळतं. इस्रायलमधल्या एका अभ्यासात रोज रात्री 1000 मायक्रोग्रॅम बी-12 जिभेखाली सहा महिने दिलं, तेव्हा पुष्कळांचं वारंवार तोंड येणं थांबलं. साध्या मल्टिव्हिटॅमिनवर अमेरिकेत चाचणी झाली, तिच्यात फरक दिसला नाही. कमतरता असेल तर ती नीट, पुरेसे महिने भरून काढायची. नसेल तर गोळ्यांचा पैसा वाचवायचा.

काका : बरं, पण आज तिला घास जात नाही, त्याचं काय करू? सहा महिन्यांचं नंतर बघू.

डॉक्टर : आधी घरचं सांगा. पेलाभर कोमट पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ घालून प्रत्येक जेवणानंतर आणि झोपताना अर्धा मिनिट तोंडात खळखळवायचं आणि थुंकायचं. मीठ झोंबत असेल तर तेवढाच खाण्याचा सोडा घ्यायचा. बर्फाचा छोटा तुकडा जखमेवर फिरवला की जेवणापुरतं बरं वाटतं. मऊ भात, तूप, दही, गार केलेली खिमट खायची. ठेचा, लिंबू, चिवडा आणि कढत चहा चार दिवस दूर ठेवायचे. ब्रश मऊ वापरायचा, पण दात घासणं बंद करायचं नाही. तोंड घाण राहिलं तर जखम चिघळते.

काका : आणि दुकानातलं? माझ्याकडे चार तऱ्हेच्या ट्यूबा आहेत.

डॉक्टर : चारही वेगवेगळ्या कामाच्या, हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं. एक असते बधिर करणारी, लिडोकेनची. ती जेवणाआधी पाचदहा मिनिटं थोडीशी लावायची. तिनं जखम भरत नाही, फक्त घास जातो. बधिर तोंडानं गाल चावला जाऊ नये आणि कढत काही घेऊ नये. लहान बाळांना ती स्वतःच्या मनानं कधीच लावायची नाही. दुसरी स्टेरॉइडची, ट्रायमसिनोलोनची चिकट पेस्ट. ती लोक चुकीची लावतात.

काका : कशी काय? बोटानं चोळतात, दुसरं काय.

डॉक्टर : चोळली की ती रवाळ होऊन निघून जाते. आधी स्वच्छ कापसानं जखम टिपून कोरडी करायची. मग पेस्टचा अगदी छोटा ठिपका बोटावर घेऊन जखमेवर नुसता टेकवायचा. पातळ पापुद्रा तयार होतो, तो हलवायचा नाही. जेवणानंतर आणि झोपताना लावावी आणि नंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. चुरचुर सुरू होताच लावली तर जास्त उपयोग होतो. आणि ओठावर किंवा टाळूवर पाण्याचे बारीक फोड असतील तर ही पेस्ट देऊ नका. ते नागिणीच्या जातभाईचं, हर्पिसचं दुखणं असू शकतं, आणि ते दुसऱ्याला लागतं.

काका : आणि बाटलीतली औषधं?

डॉक्टर : बेंझिडामिनची गुळणी दुखणं कमी करते. 15 मिलिलिटर औषध जेवणाआधी तोंडात फिरवून थुंकायचं. फार झोंबलं तर तेवढंच पाणी मिसळायचं. क्लोरहेक्सिडिननं तोंड स्वच्छ राहतं, पण ती दिवसातून दोनदाच घ्यायची आणि दात घासल्यावर लगेच नाही, अर्ध्या तासानं. जास्त दिवस वापरली तर दात तपकिरी होतात.

काका : आमच्या आजीचं औषध जाईची पानं चावणं. ते चालेल का?

डॉक्टर : जाईची पानं, तूप, मध यांनी सहसा नुकसान नाही. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. टाकणखार मात्र मुलांच्या तोंडात अजिबात लावू नये, तो पोटात जाऊन विषबाधा होते. अॅस्पिरिनची गोळी जखमेवर दाबून धरतात, तिनं आतली त्वचा जळते आणि जखम मोठी होते. चुन्याचंही तेच.

काका : झालं तर मग. पंचाण्णव टक्के लोकांचं काम मीठ-पाण्यानं आणि माझ्या ट्यूबेनं होतंय. उरलेल्यांसाठी सगळ्या गावाला धास्ती का लावायची?

डॉक्टर : टक्केवारी मला माहीत नाही, पण उरलेला माणूस तुमच्याच काउंटरवर उभा असतो, ही अडचण आहे. परवाचाच रुग्ण सांगते. वय पंचेचाळीसच्या आसपास, ट्रॅक्टर चालवतो, तंबाखू-चुना वीस वर्षांपासून. जिभेच्या उजव्या कडेला जखम. खालची दाढ तुटून तिची धार झालेली. त्याचं म्हणणं, दाढ लागते म्हणून जखम होते. दीड महिना ट्यूबा लावल्या.

काका : मग खरंच असेल की. दाढ लागली तर जखम होणारच.

डॉक्टर : होते, आणि म्हणूनच मी आधी दाढेची धार घासून गुळगुळीत केली, जखमेचं माप लिहून ठेवलं आणि बरोबर चौदाव्या दिवशी यायला सांगितलं. कारण काढून टाकलं की तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरायलाच हवी. तोंडाच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो, ती अंगावरच्या जखमेपेक्षा लवकर भरते. तो आला तेव्हा जखम तेवढीच होती. मी हातमोजा घालून दोन बोटांत जिभेची कड धरली. नेहमीची जखम ओठासारखी मऊ लागते. हिची कड नाकाच्या शेंड्यासारखी टणक लागली. शिवाय उजव्या कानात ठणका येतो म्हणाला.

काका : कानाचा काय संबंध?

डॉक्टर : जिभेच्या आणि कानाच्या वेदना वाहून नेणाऱ्या नसा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. जिभेतलं दुखणं कानात जाणवतं आणि माणूस कानात थेंब घालत बसतो. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. अहवालात कर्करोग आला. पण जखम दोन सेंटिमीटरपेक्षा लहान होती आणि मानेत गाठ नव्हती. म्हणजे पहिली पायरी. शस्त्रक्रियेनं तो बरा होण्याची शक्यता चांगली आहे. अजून तीन महिने ट्यूब लावली असती तर मी असं म्हटलं नसतं.

काका : लोक मात्र म्हणतात, तुकडा काढला की तो पसरतो.

डॉक्टर : हा समज फार माणसं मारतो. तुकडा काढल्यानं तोंडाचा कर्करोग पसरत नाही. तपासणी टाळत घालवलेल्या महिन्यांत तो पसरतो.

काका : ठीक. पण मी काही तोंडात बोटं घालून बघणारा नाही. काउंटरवरून मला काय कळणार?

डॉक्टर : तीन प्रश्न विचारा. किती दिवस झाले? दरवेळी हीच जागा का? तंबाखू, मशेरी, गुटखा, खर्रा, सुपारी यातलं काही घेता का? नेहमीचं तोंड येणं जागा बदलतं आणि दोन आठवड्यांत जातं. एकाच जागी ठाण मांडून बसलेली एकटी जखम तीन आठवड्यांच्या पुढे गेली, तर तिचा तपास झालाच पाहिजे, मग माणूस कोणीही असो. तंबाखू-सुपारीवाला असेल तर दोन आठवड्यांतच पाठवा.

काका : सुपारीही? ती तर पूजेत ठेवतात, जेवणानंतर सगळेच खातात.

डॉक्टर : तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनं 2004 सालीच जाहीर केलं. सुपारीचं आणखी एक दुखणं तुमच्याकडे “तोंड आलंय” म्हणूनच येतं. तिखट लागलं की आग होते, गालाची आतली त्वचा पांढरट आणि ताठ होते, मग तोंड उघडेना होतं. तुमची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून बघा. ज्याची स्वतःची तीन बोटं जात नाहीत, त्याला ट्यूब देऊ नका, आमच्याकडे पाठवा. त्याची सुपारी त्या दिवशीच सुटली पाहिजे.

काका : आणि ज्याला व्यसनच नाही, त्याला काळजी नाही?

डॉक्टर : कमी, पण शून्य नाही. व्यसन नसलेल्यांनाही जिभेचा कर्करोग झालेला मी पाहिला आहे. म्हणून दिवस मोजायचा नियम सगळ्यांना. त्याबरोबर काही खुणा आहेत : घासून न जाणारा लाल किंवा पांढरा चट्टा, जखमेतून सहज येणारं रक्त, कीड नसताना हललेला दात, ओठाला किंवा हनुवटीला आलेली बधिरता, मानेतली न दुखणारी गाठ, गिळताना अडकणं. यातलं एकही असेल तर दिवस मोजत बसू नये. आणि ज्याला आयुष्यात कधी तोंड आलं नाही, त्याला चाळिशीनंतर एकदम यायला लागलं, तरी एकदा दाखवावं.

काका : एवढं मी करू शकतो. पण मग घाई कशाची म्हणायची? “तातडीनं जा” असं कोणाला सांगू?

डॉक्टर : कर्करोगाची शंका म्हणजे त्याच आठवड्यात. पण काहींना त्याच दिवशी पाठवावं लागतं, आणि ते ओळखायला तुमच्यापेक्षा योग्य जागा दुसरी नाही, कारण त्यांची औषधं तुम्हीच देता. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणारा माणूस “सगळं तोंड सोललंय” म्हणत आला, तर आधी विचारा, गोळी आठवड्यातून एकदा घेता की रोज? चुकून रोज घेतली गेली तर रक्तातल्या पेशी कोसळतात आणि त्याची पहिली खूण तोंडात दिसते.

काका : हे मात्र खरं. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा लिहिलेलं असतं आणि माणूस बाकीच्या गोळ्यांबरोबर रोज गिळतो.

डॉक्टर : तसंच थायरॉइड जास्त आहे म्हणून कार्बिमाझोल घेणारा. त्याचा घसा दुखतोय, तोंडात जखमा आहेत आणि ताप आहे, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायला हवं. केमोथेरपी चालू असलेल्याचंही तसंच. मूल ताप येऊन पाणीही प्यायला तयार नसेल, लघवी कमी झाली असेल, तर तेही त्याच दिवशी. आणि तोंडातल्या जखमांबरोबर डोळे लाल होऊन दुखत असतील, गुप्तांगावर जखमा असतील किंवा अंगावर फोड येऊन कातडी सोलत असेल, तर हे नुसतं तोंडाचं दुखणं नाही.

काका : पण डॉक्टर, मी विचारीन, तरी तो जाणार का? रुग्णालयात गेलं की दिवस जातो. दोनदा बोलावलं तर तिसऱ्यांदा कोणी येत नाही.

डॉक्टर : ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच मी म्हणते, सगळ्यांना पाठवू नका, नेमके पाठवा. केरळात तिरुवनंतपुरमजवळ एक मोठा अभ्यास झाला, 2005 साली त्याचे निष्कर्ष आले. प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, उजेडात लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली. यंत्र नाही, रक्त नाही. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. आपल्या सरकारी कार्यक्रमातही तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची तपासणी आहे, आरोग्य केंद्रावर ती होते. माणूस घरीही पाहू शकतो. महिन्यातून एकदा आरशासमोर, मोबाइलच्या उजेडात. ओठ उलटा करायचा, दोन्ही गाल ओढून आत बघायचं, जीभ रुमालानं धरून दोन्ही कडा पाहायच्या, मग जीभ टाळूला लावून खालची बाजू. मशेरी लावणाऱ्या बाईनं आणि तंबाखू धरणाऱ्यानं आपली रोजची जागा आधी पाहायची. गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच, तिथंच आपल्याकडे जास्त होतं.

काका : मग माझ्या बाजूनं एवढं करतो. ट्यूबच्या खोक्यावर आजची तारीख लिहून देतो आणि सांगतो, पंधरा दिवसांत भरलं नाही तर दुसरी ट्यूब मागायला येऊ नका, डॉक्टरांकडे जा. पण त्या मुलीला मी काही कर्करोगाचं नाव काढणार नाही.

डॉक्टर : तिच्यापुढे काढायची गरजच नाही. तिला मीठ-पाणी, पेस्ट लावायची रीत आणि रक्ततपासणी पुरे. पण ट्यूब न्यायला आलेला माणूस म्हणाला, “काका, दुखत नाय, पण जातबी नाय,” तर त्याला “राहू द्या” म्हणू नका.

वाद तिथंच थांबला, पूर्ण मिटला नाही. काका अजूनही म्हणतात, लोकांना भीतीपेक्षा आराम जास्त हवा असतो. डॉक्टर म्हणतात, आराम द्या, पण तारीख घालून. वाचकांनी दोघांचंही ऐकावं. दुखणाऱ्या जखमेला मीठ-पाणी, मऊ अन्न आणि नीट लावलेली पेस्ट द्यावी. जखम आली त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहावी. आणि पंधरा दिवसांनी ती तिथंच असेल, तर दुखो वा न दुखो, तोंड उघडून दंतवैद्याला दाखवावं.